प्रतिसाद: महागाई वाढूनही सोनं का पडलं?

"२०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९ टक्क्यांवर गेली, मग सोनं का पडलं?"

कारण ९.१ टक्के हा जूनचा आकडा होऊन गेलेल्या भाववाढीचा होता. सोन्याचा भाव पुढच्या अपेक्षेवर ठरतो. त्या वर्षी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, व्याजदर झपाट्याने वाढवले, त्यामुळे पुढच्या दहा वर्षांच्या महागाईची रोखेबाजारातली अपेक्षा एप्रिलमधल्या सुमारे ३ टक्क्यांवरून सप्टेंबरअखेर सव्वादोनच्या आसपास उतरली. ही अपेक्षित महागाई वजा जाता उरणारं रोख्यांवरचं खरं व्याज उणे एकवरून दीड टक्क्याच्या वर गेलं. सोनं व्याज देत नाही, म्हणून रोखे जास्त आकर्षक ठरले आणि मार्चमध्ये औंसाला २,००० डॉलरच्या वर असलेला भाव सप्टेंबरअखेर १,६५० च्या खाली आला.

ऑगस्ट २०२० बघा, अगदी उलट चित्र! महागाई दीड टक्क्याच्याही खाली, तरी सोनं तेव्हाच्या उच्चांकावर, कारण तेच खरं व्याज उणे एक टक्का होतं.