किलोचा दर आणि मीटरचा दर

> "बाब, परिमाण, दर असे तीनच रकाने ठेवले, तरी कोणाचा दर खरा कमी ते ठरत नाही."

पुरवठादारांचे दर ताडून बघायच्या तक्त्याला तीन रकाने पुरतात, पण दर एका एककावर आणल्यावरच. तासगावजवळच्या एका गावाच्या नळयोजनेसाठी मी असा तक्ता केला होता. निविदेत दोन पानी वर्णन होतं आणि मी ते '११० मिमी एचडीपीई पाइप, पीएन १०, १२०० मीटर' एवढ्यावर आणलं. इथेच चुकलो, कारण पीई ८० की पीई १०० ही प्लॅस्टिकची प्रत गळाली. पीएन १० हा दाबाचा वर्ग तोच असला तरी पीई १०० ची भिंत साधारण ६.६ मिमी असते, पीई ८० ची ८.१. म्हणून पीई १०० चा पाइप मीटरला सुमारे २.१ किलो भरतो, पीई ८० चा २.५.

आता समजा, पीई ८० वाल्याने किलोला १२८ रुपये सांगितले आणि पीई १०० वाल्याने १४०. वरवर पीई ८० स्वस्त. मीटरवर आणा: ३२० आणि २९४. १२०० मीटरला ३१,२०० रुपयांचा फरक, तोही उलट्या बाजूने! तेव्हापासून बाबीच्या नावात प्रत आणि आयएस ४९८४ हे या पाइपांचं भारतीय मानक ठेवतो, आणि दरापुढे 'मीटरला वजन' हा बारीक रकाना. जीएसटी आणि सांगलीहून गावापर्यंतचं भाडं दरात धरलंय का, हेही तिथेच. माल उतरताना पाइपावर छापलेली प्रत तक्त्याशी ताडून बघा. वजनकाट्यावर एक मीटरचा तुकडा ठेवला तरी लगेच कळतं.