मदत हवी आहे: सुट्ट्या वगळून कामाचे दिवस मोजायचे आहेत, फॉर्म्युला चुकून राहिला

धरमपेठ_फाईल: अर्ज आल्यापासून निकाली निघेपर्यंत कामाचे दिवस किती, ते काढतो आहे. पहिली ओळ बरोबर, खाली चुकते. २५ ते २९ ऑगस्ट २०२५ला ५ दाखवतं, पण २७ला गणेश चतुर्थी, म्हणजे ४ हवेत. संध्याकाळी यादी द्यायची आहे.

इतवारीकर: फॉर्म्युला टाका ना भाऊ. सुट्ट्या कुठे लिहिल्या? शनिवार चालू की बंद?

धरमपेठ_फाईल: एक्सेल आहे. F मध्ये १५ ऑगस्ट, २७ ऑगस्ट, २ ऑक्टोबर.

```
=NETWORKDAYS(B2,C2,F2:F4)
```

इतवारीकर: खाली ओढल्यावर सुट्ट्यांची यादीही खाली सरकते. चौथ्या ओळीत ती F4:F6 झाली, २७ ऑगस्ट वरच राहिला. `$F$2:$F$4` करा.

धरमपेठ_फाईल: ती ओळ सुधरली, पण आता तिसरी बिघडली! ११ ते २० ऑगस्ट आधी बरोबर ८ येत होते, आता ७. आम्हाला फक्त दुसरा-चौथा शनिवार सुट्टी.

इतवारीकर: हेच विचारलं होतं. NETWORKDAYS सगळेच शनिवार वगळतं. १६ तारखेचा तिसरा शनिवार, कामाचा, तो गळत होता आणि १५ची सुट्टी मोजली जात होती. दोन चुकांनी मिळून ८ बरोबर दिसत होते.

सीताबर्डी७२: सोपं आहे. रविवार वगळून दिवस काढा, त्यातून त्या काळातल्या सुट्ट्या वजा करा.

इतवारीकर: सुट्टी रविवारी आली की तोच दिवस दोनदा वजा होईल. तुमच्याकडे तान्ह्या पोळ्याची सुट्टी असेल तर २३ ऑगस्ट चौथा शनिवारही आहे. यादीत तो दोनदा आला तर तुमच्या वजाबाकीने एक दिवस कमी येईल. यादी फंक्शनलाच द्या, ते एकाच तारखेला दोनदा वगळत नाही:

```
=NETWORKDAYS.INTL(B2,C2,11,$F$2:$F$6)
```

११ म्हणजे फक्त रविवार बंद. F5, F6 मध्ये ९ आणि २३ ऑगस्ट टाका. पुढच्या महिन्यांसाठी H2 मध्ये महिन्याची १ तारीख लिहा, दुसरा शनिवार मिळेल. चौथ्यासाठी त्यात १४ मिळवा. यादी लांबली की F6 ही वाढवा.

```
=H2+14-WEEKDAY(H2)
```

मिहान_शिफ्ट: मला आजपासून दहावा कामाचा दिवस कोणता ते हवंय. हेच चालेल का?

इतवारीकर: नाही, त्याला WORKDAY.INTL. ते सुरुवातीचा दिवस धरत नाही, हे धरतं.

धरमपेठ_फाईल: २, ८, ४ आले! पण मग अर्ज आला तो दिवसही मोजला गेला?

सीताबर्डी७२: शेवटी १ वजा करा.

इतवारीकर: अर्ज रविवारी ऑनलाइन आला तर? रविवार मोजलेलाच नाही, वजा कशातून करणार? B2 ऐवजी B2+1 लिहा. मात्र त्याच दिवशी निकाली निघालेल्या अर्जांना ते चालणार नाही, त्या ओळी वेगळ्या काढा.

धरमपेठ_फाईल: पहिला दिवस धरायचा की नाही, साहेबांना विचारतो.