प्रतिसाद: कला शिबिराची टॅगलाइन

> ‘मोबाइल सोडा, ब्रश धरा’ ही टॅगलाइन कशी वाटते? मुलांच्या स्क्रीनटाइमची काळजी करणाऱ्या पालकांसाठी आहे.

ताल छान आहे, पण सूर दटावणीचा वाटतो. हे वाक्य पालक घरी रोज म्हणतातच. तुमच्या पोस्टरवरही तेच दिसलं तर आधीच असलेली अपराधी भावना वाढते, आणि मुलाला शिबिर म्हणजे शिक्षा वाटते. शिवाय वाक्याची सुरुवातच मोबाइलने होते, म्हणजे नजरेत तोच आधी भरतो.

मी असं करेन: ‘हात रंगात, मोबाइल कोपऱ्यात!’

इथे आज्ञा नाही, नुसतं दृश्य आहे. कोपरांपर्यंत रंगलेलं मूल फोन उचलणारच कसं, हे पालकांना सांगावं लागत नाही. ‘रंगात’ आणि ‘कोपऱ्यात’ जुळत असल्याने ओळ तोंडातही बसते. वयोगट, वेळ, शुल्क खालच्या बारीक ओळीत जाऊ द्या.

‘स्क्रीनमुक्त’ हा शब्द मात्र जपून वापरा. शिबिरात एखादं तंत्र टॅबवर व्हिडिओ लावून शिकवणार असाल, तर पहिल्याच दिवशी मूल घरी जाऊन ते सांगेल, आणि मग पालकांचा फोन आलाच म्हणून समजा.

छापण्याआधी दोन-तीन मुलांना ओळ वाचून दाखवा. तोंडं वाकडी झाली तर बदला.