श्रुतलेखन: पेन कधी उचलायचं?

श्रुतलेखनाच्या प्रश्नात वाक्य दोनदाच वाचतात, विरामचिन्हं मुलांनी कानाने ओळखायची. तुमच्याकडे नेमकं काय केल्याने जमतं, काय फसतं? सविस्तर लिहा.

शिक्षिका, देवगड
पहिल्या वाचनाला पेन खाली. मी ते सलग वाचते, कारण सूर तेव्हाच अखंड असतो. दुसऱ्यांदा दोन-तीन शब्दांचे तुकडे पाडते, तेव्हा शब्द उतरवायचे. हे वाक्य घ्या: आजीने विचारलं, "तुझे बाबा बंदरावरून आले का?" तुकड्यांत ते असं होतं: आजीने विचारलं / तुझे बाबा / बंदरावरून आले का. जो दुसऱ्याच वाचनावर विसंबतो तो हमखास 'तुझे बाबा' नंतर स्वल्पविराम ठोकतो. तिथे मी फक्त थांबले होते! म्हणून पहिलं वाचन संपताच शेवटचं चिन्ह समासात बारीक काढून ठेवायला सांगते. बंद अवतरणचिन्हाला तर आवाजच नसतो. उघडलं की बंद केलं का, हे लिहून झाल्यावर डोळ्यांनीच बघायचं.

पालक, गुहागर
सोपं आहे हो, 'का' ऐकू आला की प्रश्नचिन्ह. आमच्याकडे एवढंच पाठ करून घेतलंय.

निवृत्त मास्तर, वेंगुर्ले
अर्धंच बरोबर. 'बाबा आले का ते बघ.' इथे 'का' आहे, पण वाक्य सांगणारं आहे. सूर शेवटी खाली येतो, पूर्णविराम. उलट 'किती' पाहा. 'किती बांगडे मिळाले?' हा प्रश्न, 'किती मोठा हा बांगडा!' हा उद्गार. शब्द तोच, म्हणून शब्दावर चिन्ह टांगू नका.

पालक, अलिबाग
आमचा मुलगा रोज पानभर शुद्धलेखन काढतो, अक्षर मोत्यासारखं. तरी यात मार्क जातात.

शिक्षिका, देवगड
ते बघून लिहिणं झालं, त्यात चिन्हं आयती मिळतात. रोज पाच वाक्यं, पण ऐकून. वाचणाऱ्याने 'स्वल्पविराम' असं तोंडाने सांगायचं नाही.

शिक्षक, राजापूर
पावसाळ्यातल्या चाचणीचं कुणी बोललं नाही. पत्र्यावर सर कोसळली की पहिला बळी वाक्याच्या शेवटाचा. 'आले का' मधला 'का' बुडतो आणि मागच्या बाकावर प्रश्नाचं विधान होतं. 'होड्यांना' चा अनुस्वारही जातो. मी वर्गाच्या मधोमध उभा राहतो आणि सर ओसरेपर्यंत वाक्य सुरूच करत नाही. अर्धं वाचून थांबलो तर ते एक वाचन फुकट जातं.

पालक, गुहागर
बरं, मग 'विचारलं' ऐकून मुलीने 'विचारले' लिहिलं तर चूक?

निवृत्त मास्तर, वेंगुर्ले
चूकच. ऐकलं तेच लिहायचं.

शिक्षक, राजापूर
मी नाही कापत. दोन्ही रूपं शुद्ध आहेत.

शिक्षिका, देवगड
मी खाली रेघ मारते, मार्क देते. पण हे वाचण्याआधीच ठरवून सांगायला हवं.