मदत हवी आहे: निवृत्तीनंतर फाउंड्रीत सल्लागाराचं काम आलंय, दिवसाचा दर किती सांगू?

शिरोलीचा_मेथडवाला

नमस्कार मंडळी. मे अखेर निवृत्त झालो. एका मोठ्या कास्टिंग कंपनीत ३४ वर्षं काढली. सुरुवातीला सँड लॅब, मग मेथडिंग आणि शेवटची बारा वर्षं क्वालिटी. शेवटचं पॅकेज सगळं धरून वर्षाला १८ लाख होतं.

ओळखीतून शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्री मालकांचा निरोप आला. ग्रे आयर्नचं काम, महिन्याला साधारण १५० टन. रिजेक्शन ८ टक्क्यांच्या खाली येत नाही म्हणतात. "साहेब, आठवड्यातनं दोन-तीन दिवस येत जा, महिन्याला ३५,००० देतो," असं त्यांचं म्हणणं. माणूस चांगला आहे. मी एकदा शॉपमध्ये चक्कर मारली. परतीची वाळू मलरमध्ये पडताना हाताला चटका बसेल इतकी गरम होती, आणि मलरवरचा मुलगा मुठीत दाबून बघून पाणी सोडत होता. कॉम्पॅक्टेबिलिटीचा टेस्टर लॅबमध्ये झाकून ठेवलेला. म्हणजे ब्लोहोल कुठून येतात याचा अंदाज मला तिथंच आला.

काम मला मनापासून करायचं आहे. पण ३५,००० बरोबर की कमी, हे कसं ठरवायचं? पगार म्हणून घ्यायचं की बिल द्यायचं? आणि अशी अजून दोन-तीन कामं कुठून मिळतील? रोज आठ तासांची नोकरी आता नको आहे.

विनायक_भोसरी

सोपा हिशोब आहे काका. शेवटचा पगार महिन्याला दीड लाख, भागिले ३० म्हणजे दिवसाला ५,०००. दहा दिवस गेलात तर ५०,००० मागा. तुम्हाला पीएफ-ग्रॅच्युइटी मिळून गेली आहे, त्यामुळे थोडं कमी घेतलं तरी चालतंय.

निवृत्त_लेखाधिकारी

मी केंद्र सरकारच्या कार्यालयातून निवृत्त झाले आणि तिथंच कंत्राटावर परत गेले. आमच्याकडे डिसेंबर २०२० चा आदेश आहे: निवृत्तीच्या वेळचं मूळ वेतन, त्यातून मूळ पेन्शन वजा, जी रक्कम उरेल ती ठरलेली. वार्षिक वाढ नाही, महागाई भत्ता नाही. तुमची पेन्शन किती आहे ते सांगा, म्हणजे रक्कम काढता येईल.

शिरोलीचा_मेथडवाला

ताई, माझी खासगी नोकरी होती. ईपीएफची तुटपुंजी पेन्शन सोडली तर काही नाही. मला वाटतं हा नियम मला लागू नसावा.

निवृत्त_लेखाधिकारी

हो, खासगी म्हटल्यावर प्रश्नच वेगळा. मी घाईत वाचलं. पण सरकारी खात्यातून निवृत्त झालेलं कोणी इथं असेल तर त्यांना उपयोगी पडेल म्हणून राहू देते.

वाळू_आणि_विस्तव

मी बरीच वर्षं फाउंड्री कन्सल्टिंग करतोय, कोल्हापूर आणि बेळगाव दोन्हीकडे. थोडं सविस्तर लिहितो.

विनायकनं ३० नं भागलं तिथं गडबड आहे. तुम्ही रविवारी काम करत नव्हता. साप्ताहिक सुट्ट्या, सण, रजा काढल्या की वर्षाचे साधारण २७५ दिवस उरतात. १८ लाख भागिले २७५ म्हणजे दिवसाला ६,५०० च्या आसपास. हा तुमचा तळ. याच्या खाली गेलात तर नोकरीत होता त्यापेक्षा स्वस्तात विकले जाताय, आणि वर मेडिक्लेम, गाडीचं पेट्रोल, रजा सगळं स्वतःच्या खिशातून. वरची बाजू बघा. स्वतंत्र सल्लागाराला वर्षात १२५ दिवस बिल लावता आले तरी खूप झालं. बाकीचे दिवस रिपोर्ट लिहिण्यात, फोनवर आणि नवीन काम शोधण्यात जातात. १८ लाख १२५ दिवसांत काढायचे म्हटले तर दर १४,४०० होतो. तेवढा शिरोलीत लगेच मिळणार नाही आणि तुम्हाला तेवढी कमाईही करायची नसेल. पण तुमचा दर या दोन आकड्यांच्या मधेच कुठेतरी हवा. पेन्शन किती, मुलं कमावतात का, याच्याशी मालकाचा संबंध नाही.

आता त्यांची ऑफर. दोन-तीन दिवस म्हणजे महिन्याला दहा धरा. ३५,००० भागिले १० म्हणजे दिवसाला ३,५००, तळाच्या जवळजवळ निम्मं.

मालकाच्या बाजूनंही हिशोब करा, कारण बोलणी तिथंच होतात. १५० टनांवर ८ टक्के रिजेक्शन ५ टक्क्यांवर आलं तर महिन्याला साडेचार टन वाचतात. नवे लोक इथं कास्टिंगच्या विक्रीभावानं गुणतात आणि मालक हसतो, कारण रिजेक्ट माल परत भट्टीत जातो, धातू वाया जात नाही. वाया जाते ती वीज (इंडक्शन भट्टीला टनाला सहाशेच्या आसपास युनिट), कोअर, बेंटोनाइट, कोल डस्ट, मोल्डिंगची आणि फेटलिंगची मजुरी. हा आकडा तुम्ही ठरवू नका, त्यांच्याच अकाउंटंटकडून काढून घ्या. समजा त्यानं किलोला २५ रुपये सांगितले, तर साडेचार टनांचे १,१२,५०० रुपये महिन्याला. ब्लोहोल ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये उघडे पडत असतील तर मशीनिंगचा खर्च आणि डेबिट नोट वेगळी. हा कागद समोर असला की दिवसाला ८,००० जास्त वाटत नाहीत.

आणि एकदम महिन्याचं बांधून घेऊ नका. आधी पाच दिवसांचा अभ्यास, दिवसाला ८,०००, म्हणजे ४०,०००, त्यात लेखी रिपोर्ट. त्यात मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन दोषानुसार वेगळं करा. वाळूचे दोष, कोअरचे, श्रिंकेज, मिसरन. वाळूचे निम्मे निघाले तरच ८ वरून ५ ची भाषा करायची. श्रिंकेज जास्त असेल तर रायझर-गेटिंग बदलावं लागेल, पॅटर्न बदलावे लागतील, तो खर्च मालक करणार का ते आधी विचारा. त्यानंतर सहा महिन्यांचा करार, महिन्याला पाच दिवस. पैसे जवळजवळ त्यांच्याच आकड्याएवढे, दिवस निम्मे.

जी_एस_उद्योजक

मी या टेबलाच्या पलीकडचा माणूस, गोकुळ शिरगावला छोटी फाउंड्री आहे. वरचं गणित बरोबर आहे, पण मालकाचं दुखणं वेगळं असतंय. सल्लागार येतो, सांगून जातो, आणि चौथ्या दिवशी मलरवरचा पोरगा परत मुठीनं पाणी सोडतो. आम्हाला रिपोर्ट नको असतो, रोज दर तासाला टेस्ट करून फळ्यावर लिहिणारा माणूस तयार करून हवा असतो. "तुमच्या दोन पोरांना तीन महिन्यांत तयार करतो, नंतर मी महिन्याला दोनच दिवस येईन," असं कोणी म्हणालं तर मी ८,००० ला घासाघीस करणार नाही. पाच दिवस ठरवून रात्री अकराला मालकानं फोन केला तर उचलणार का, तेही आधीच ठरवा. आम्ही फोन करतोच.

विनायक_भोसरी

मग दर कमी ठेवून वाचलेल्या पैशात १० टक्के वाटा का मागू नये? दोघांचं भलं.

वाळू_आणि_विस्तव

ऐकायला छान आहे, पण भांडणाचं मूळ तेच. रिजेक्शन कशावर मोजणार, ओतलेल्या टनांवर की पाठवलेल्या? ग्राहकाकडून दोन महिन्यांनी परत आलेलं कुठल्या महिन्यात धरणार? मालकानं मधेच पातळ भिंतीचा नवा जॉब घेतला की टक्केवारी वर जाणार आणि तुम्ही सगळं नीट करूनही हात रिकामे. वाटा घ्यायचाच असेल तर ठरावीक चार-पाच जॉबपुरता, तीन महिन्यांचा पाया दोघांच्या सहीनं, आणि मूळ दर तळाच्या खाली न नेता.

जी_एस साहेबांचा मुद्दा मात्र लाखमोलाचा. प्रशिक्षण करारात नावानिशी लिहा.

अनुजा_सीए

बिल की पगार यावर थोडं. हजेरीपटावर नाव, ठरलेली वेळ, रजेचा अर्ज असं असेल तर तो पगारच, तुम्ही बिल दिलंत तरी. स्वतंत्र सल्लागार असाल तर बिल द्या. वर्षाला ५०,००० च्या वर फी गेली की व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापतील, तो रिटर्नमध्ये समायोजित होतो. तांत्रिक सल्लागाराला अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, लोक अजून ४४एडीए म्हणूनच ओळखतात. जमा रकमेच्या निम्मं उत्पन्न धरायचं, खर्चाच्या वह्या ठेवायची गरज नाही. वर्षाला ४ लाख मिळाले तर २ लाख उत्पन्न. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही.

एक गोष्ट बरेच ज्येष्ठ चुकवतात. साठीनंतर अॅडव्हान्स टॅक्स नाही, ही सवलत व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्यांनाच आहे. सल्लागारीचं बिल सुरू झालं की ती जाते. अनुमानित योजनेत १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो.

उद्यम नोंदणी करून घ्या, फुकट आहे. मग लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं मालकाला बंधनकारक होतं. उशीर झाला तर तो खर्च त्याला पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा धरता येतो, त्यामुळे त्याचा सीएच मागे लागतो.

शिरोलीचा_मेथडवाला

सगळ्यांचे आभार. काल मालकांशी बोललो. अकाउंटंटनी किलोला २२ रुपये सांगितले. साडेचार टनांचे ९९,००० होतात. पाच दिवसांच्या अभ्यासाला लगेच तयार झाले, दर ७,००० वर आला. दोन पोरांना तयार करायचं म्हटल्यावर स्वतःहून म्हणाले, नावं आजच देतो. फोन संध्याकाळी सातपर्यंत, भट्टी बंद पडली तर कधीही, असं ठरलं.

पुढच्या कामांचं कुणी लिहिलं नाही, तेवढं सांगा. आणि एक अडचण राहिली. यांचे दोन ग्राहक माझ्या जुन्या कंपनीचेही आहेत. जाताना गोपनीयतेच्या कागदावर सही केली होती.

विनायक_भोसरी

बिनधास्त करा. नोकरी सोडल्यावर स्पर्धेत जायची बंदी भारतात कोर्टात टिकत नाही.

वाळू_आणि_विस्तव

अर्धंच बरोबर. करार कायद्याच्या कलम २७ नं स्पर्धेची बंदी सहसा टिकत नाही, पण गोपनीयतेची अट टिकते. वाळूचं ज्ञान तुमचं, ते घेऊन कुठंही जा. जुन्या कंपनीच्या पार्टची मेथड शीट, रायझरची मापं, दर, ते नाही. तोच पार्ट इथं ओतायला आला तर हात लावायचा की नाही, हे तो कागद वकिलाला दाखवून ठरवा. माझ्यावर अशी वेळ आली तेव्हा मी तो जॉब सोडला, पण दुसऱ्या एकानं नव्यानं मेथड काढून केला आणि त्याला काही झालं नाही.

कामांचं म्हणाल तर माझी बहुतेक कामं बेंटोनाइट आणि रेझिन विकणाऱ्यांच्या इंजिनिअरांकडून आली. कुणाच्या शॉपमध्ये काय बिघडलंय ते त्यांना सगळ्यात आधी कळतं. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या कोल्हापूर चॅप्टरच्या बैठकांना जात राहा, आणि तिथं एखाद्या दोषावर अर्धा तास बोला. बायोडाटा पाठवून मला एकही काम मिळालेलं नाही.

जी_एस_उद्योजक

अभ्यासाचे पाच दिवस झाले की मला मेसेज करा. आमच्याकडेही उन्हाळ्यात वाळू तापतीय. कूलर घ्यायचा की वाळूचं प्रमाण वाढवायचं, यावर घरात दोन मतं आहेत.