मदत हवी आहे: फ्लॅटच्या ऑफर लेटरमध्ये काय काय लिहायचं?

भाडेकरू_कोथरूड: फ्लॅट पसंत आहे, ८२ लाख ठरलेत. एजंट म्हणतो, उद्या ऑफर लेटर आणि १ लाख टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे. त्याच्या मजकुरात चार ओळी, शेवटची 'टोकन परत मिळणार नाही'. अजून काय हवं? लवकर सांगा.

पेठकर: ती दुसरी पार्टी प्रत्येक एजंटच्या खिशात असते. बिल्डरकडून की रिसेल? कर्ज काढणार?

निगडीचा_नित्या: रेराप्रमाणे नोंदणीकृत कराराआधी बिल्डर १०% पेक्षा जास्त घेऊ शकत नाही. आमच्या बिल्डरने पार्किंगवरून इतकं छळलं की विचारू नका.

भाडेकरू_कोथरूड: रिसेल हो! मी ६० लाख कर्ज काढतोय. मालकांचंही कर्ज चालू आहे, पण ते फेडतील की. त्याचा काय संबंध?

मीनल_कर्वेनगर: सगळा संबंध तिथेच आहे. मूळ कागद त्यांच्या बँकेत अडकलेत. त्यामुळे किती कर्ज बाकी आहे याचं बँकेचं पत्र आणि तिच्याकडच्या कागदांची यादी मालक कधी देणार, ती तारीख लिहा.

८२ लाखांत पार्किंग धरलंय का आणि सोसायटीची ट्रान्सफर फी कोण भरणार, हेही लिहा. टोकन किमतीतूनच वजा होणार, असं स्पष्ट हवं.

'परत मिळणार नाही' खोडा. तुमचं मन बदललं तर टोकन मालकांनी ठेवावं, हे कबूल करा, म्हणजे तेही सही करतील. पण ३० दिवसांत ६० लाख मंजूर झाले नाहीत किंवा वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये दोष निघाला, तर ७ दिवसांत पूर्ण टोकन परत. आकडा लिहाच. बँकेने मूल्यांकन कमी धरून ५२ लाखच दिले, तर 'कर्ज मंजूर झालं' म्हणून मालक मोकळे आणि वरचे ८ लाख तुमच्या गळ्यात.

बाणेरकाका: एवढं पुराण कशाला? नोटरी करा, लाखभर रोख द्या, विषय संपला. मी तीन फ्लॅट असेच घेतले.

मीनल_कर्वेनगर: काका, लेखी हवं हे बरोबर. पण नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. आणि घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड मालकांना बसू शकतो. टोकन थेट त्यांच्या खात्यात, एजंटच्या नाही.

बाणेरकाका: आमच्या वेळी कोणी विचारत नव्हतं.

पेठकर: मुदत राहिली. 'ही ऑफर सोमवार संध्याकाळी ६ पर्यंत. तोवर मालकांची सही नसेल तर रद्द.' टोकन सहीनंतरच. नाहीतर तुमचं पत्र दाखवून ते दुसऱ्याकडून ८४ मागतील. कराराच्या नोंदणीची तारीख वेगळी, ४५ दिवस ठेवा. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या.

भाडेकरू_कोथरूड: दोघांच्याच नावावर आहे. मालकीणबाई मुलाकडे अमेरिकेत आहेत, मालक म्हणतात 'मी करतो सही'. चालेल?

मीनल_कर्वेनगर: त्यांच्या नावे बाईंचं कुलमुखत्यारपत्र आहे का? आधी ते बघा, उद्या पैसे देऊ नका.

निगडीचा_नित्या: पार्किंग झाकलेलं की उघडं?