अनुभव धागा: मैत्रीतली भेट मानवली नाही, तेव्हा काय बोललात?

रानजाई (धागाकर्ती)
जिवलग मैत्रिणीनं कानातले दिले. मनापासून आवडले, लगेच घातले, फोन करून तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग खाज आणि पाणी. त्वचेच्या डॉक्टरांच्या मते धातूतल्या निकेलची अ‍ॅलर्जी आहे. आता ती विचारतेय, "घालतेस ना गं?" आभार खरे होते, त्रासही खरा आहे. तुम्ही अशा वेळी नेमके कोणते शब्द वापरलेत, ते लिहा.

सडेतोड
यात विचार कसला करायचा? हातात घेतानाच सांगून मोकळं व्हावं. मित्रानं दिलेला शर्ट खांद्यात आखूड होता, तिथंच बोललो. बिल त्याच्याकडे होतं, बदलायची मुदत होती, आठवड्यात मोठा शर्ट मिळाला. गोड बोलत बसलो असतो तर मुदत गेली असती.

ओसरी
@सडेतोड, मापापुरतं पटलं. माप चुकलं तर दोष शर्टाचा, देणाऱ्याच्या पारखीला धक्का लागत नाही. रंग आवडला नाही हे चारचौघांत असंच सांगाल का? आणि रानजाईंना हातात घेताना काय दिसणार होतं? पुरळ उठायलाच दिवस-दोन दिवस लागतात.

निवांत
माझं अत्तराचं प्रकरण झालं होतं. मातीच्या वासाबद्दल मी कधीतरी बोललो होतो, ते लक्षात ठेवून मित्रानं अत्तराची कुपी आणली. मला उग्र वासानं अर्धशिशी उठते, हे त्याला माहीत नव्हतं. कुपी उघडली तेव्हाच कपाळ ठणकायला लागलं.

त्या दिवशी फक्त आभार मानले, तेही लक्षात ठेवल्याबद्दल: "मी बोलता बोलता म्हटलेलं तुला आठवलं, याचंच मला अप्रूप वाटतंय." यात वासाची स्तुती नव्हती, त्यामुळे पुढे काही परत घ्यावं लागलं नाही. चार दिवसांनी तो एकटा असताना फोन केला. "तुला एक सांगायचंय, कारण लपवलं तर तू पुढच्या वेळीही हेच आणशील. वासानं माझं डोकं चढतं. माझ्याकडे ती नुसती पडून राहील. तू लावशील का?" तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "अरे, मग गाडीतल्या सुगंधी डबीनंही होत असेल!" होतच होतं. त्यानं ती काढून टाकली.

दोन गोष्टी मी मुद्दाम टाळल्या. आभार आणि अडचण एका वाक्यात आणली नाही, कारण मधल्या "पण"मुळे आभार पुसले जातात. आणि कारण एकच दिलं. डोकं दुखतं, शिवाय बाटली मोठी, शिवाय माझ्याकडे आहे एक, असं लांबवलं की समोरच्याला बहाणेच ऐकू येतात.

कुंपण
मला जरा वेगळंच विचारायचंय. मैत्रिणीनं स्वतः विणलेला स्वेटर टोचतो. लोकर मऊ कशी करायची?

ओसरी
@कुंपण, लोकरीचे तंतूच जाड असले तर धुऊन फारसा फरक पडत नाही. आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला. मैत्रिणीला काय सांगितलंत?

कुंपण
काहीच नाही. इतके महिने विणत होती ती. शर्टावर घालून तिच्यासमोर मिरवते. तुम्ही याला खोटेपणा म्हणाल, मी म्हणत नाही.

निवांत
मीही म्हणणार नाही. फक्त ती पुढचा विणायला घेण्याआधी बोला.

झुळूक
मी देणारी बाजू. मैत्रिणीला उभी डायरी दिली होती, "रोज लिहिते" असं ती सांगायची. ती डावखुरी, मधल्या स्प्रिंगवर तिचा हात अडतो, हे मला तिसरीकडूनच समजलं. डायरी पडून राहिली याचं काहीच नाही. सगळ्यांना ठाऊक आणि मलाच नाही, ते लागलं. तेव्हा रानजाई, तिच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगू नका.

सडेतोड
म्हणजे मी म्हणत होतो तेच!

झुळूक
बरंचसं. चारचौघांत तेवढं नको.

रानजाई
आज बोलले. "तुझे कानातले मला आवडतातच, आरशात बघून खूश झाले होते. पण कानांना निकेल सोसत नाही, डॉक्टरांनी थांबवलंय. तू विचारलंस म्हणून खरं सांगतेय." इथे "पण" आलाच, निवांत! ती आधी हिरमुसली, "मी स्वस्तातले घेतले असं वाटलं का तुला?" म्हणाली. ते मला सुचलंच नव्हतं. नाही म्हटलं, तिला कितपत पटलं कोण जाणे. मग तीच म्हणाली, नक्षी तशीच ठेवून फक्त आकडे बदलून घेऊ, सर्जिकल स्टीलचे. कुणी पारदर्शक नेलपॉलिश लावायलाही सुचवलंय.

ओसरी
नेलपॉलिश झिजतं, पुन्हा पुन्हा लावावं लागतं. सर्जिकल स्टीलमध्येही निकेल असतं, काहींना चालतं, काहींना नाही. सोनाराकडे शुद्ध टायटॅनियमचे आकडे मिळतात का विचारा. आणि लोंबती नक्षी मानेला लागत असेल तर तिच्यातही निकेल नाही ना, ते आधी तपासा.